कॉमा आणि अवतरणचिन्ह: सीएसव्ही फाइल चुकीची का तुटते

सीएसव्ही फाइल वाचायची म्हटली की पहिल्यांदा हात जातो तो `line.split(",")` कडे. सीएसव्ही म्हणजे ‘कॉमा-सेपरेटेड व्हॅल्यूज’. नावातच कॉमा आहे, मग कॉमावर तोडायला काय हरकत? पण या फॉरमॅटचा इतिहास पाहिला, तर कॉमाच्या जोडीला अवतरणचिन्ह अगदी सुरुवातीपासून आहे. नाव ठेवताना तेवढं गाळलं गेलं.

पंचकार्डांच्या काळात प्रत्येक आकडा ठरलेल्या रकान्यातच पंच करावा लागे. एक घर इकडेतिकडे झालं की किंमत बदलली. १९७२ साली आयबीएमच्या ओएस/३६० वरच्या फोरट्रान कंपायलरमध्ये यावर सुटका आली: आकडे कॉमा किंवा मोकळी जागा सोडून लिहा, कुठे संपतात ते प्रोग्राम बघेल. पुढे फोरट्रान ७७ मध्ये ही पद्धत प्रमाणित झाली. तिथे मजकूर द्यायचा तर तो एकेरी अवतरणात, आणि मजकुरातच ते चिन्ह आलं तर दोनदा लिहायचं, असा नियम होता. म्हणजे आतला कॉमा आणि बाहेरचा कॉमा वेगळे, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

‘सीएसव्ही’ हे नाव १९८३ पर्यंत रुळलं होतं. ऑस्बर्न एक्झिक्युटिव्ह या संगणकासोबत सुपरकॅल्क ही स्प्रेडशीट मिळायची, आणि मजकुरात कॉमा असेल तर तो दुहेरी अवतरणात ठेवायचा हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं होतं. पण सगळ्यांचे नियम एकसारखे नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधलं `INPUT#` अवतरणातला कॉमा नीट वाचे, मात्र अवतरणाच्या आत अवतरणचिन्ह त्याला चालतच नसे. दुसरं चिन्ह दिसलं की मजकूर संपला.

`split` ची सवय मात्र वेगळ्या घरातून आली. युनिक्सवर `/etc/passwd` सारख्या फाइलींत विभाजक म्हणून कोलन असतो आणि तो मजकुरात येऊ द्यायचाच नाही, असा संकेत. अवतरणांची भानगड नाही, त्यामुळे सरळ तोडणं तिथे अगदी बरोबर. बेल लॅब्जमध्ये १९७७ साली तयार झालेल्या ऑक या मजकूर हाताळण्याच्या भाषेत `-F:` लिहिलं की काम झालं. लोकांनी `:` च्या जागी `,` घातला आणि एका घराची रीत दुसऱ्या घराच्या फाइलींना लावली.

त्याचं काय होतं ते बघा:

```
खाते,नाव,गाव,रक्कम
101,"कुलकर्णी, सुनीता",पुणे,"1,25,000"
```

रकाने चार, पण `split(",")` तुकडे करतं सात. गावाच्या जागी ` सुनीता"` येतं आणि रकमेच्या जागी पुणे. चौथा तुकडा आकडा समजून `int()` ला दिला तर प्रोग्राम तिथेच कोसळतो, आणि हे खरं तर नशीबच. रक्कम शेवटी असते म्हणून कुणी `row[-1]` घेतलं आणि अवतरणचिन्हं पुसून टाकली, तर हाती उरतं `000`. पायथनचं `int("000")` कुरकुर न करता शून्य देतं. सव्वा लाखाचे शून्य रुपये झाले, आणि एररचा पत्ता नाही. पाश्चात्य पद्धतीच्या `125,000` चे दोनच तुकडे झाले असते. आपल्या लाखाच्या लिखाणाने त्यात एकाची भर पडते.

चाचणीला घेतलेल्या ओळींत बहुधा कॉमा नसतोच, म्हणून चूक उशिरा दिसते. ओळखायचं असेल तर प्रत्येक ओळीचे तुकडे मोजावेत आणि शीर्षकाच्या ओळीशी ताडावेत. तुकड्याच्या एकाच टोकाला `"` लोंबत असेल, तर शंकेला जागाच नाही.

लेखी नियम यायला २००५ चा ऑक्टोबर उजाडला. याकोव्ह शाफ्रानोविच यांच्या आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने चालू प्रथा नोंदवली: कॉमा, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा ओळतोड असलेला मजकूर अवतरणात, आणि आतलं `"` दोनदा. तो दस्तऐवज माहितीपर आहे, बंधनकारक मानक नव्हे. त्यातली ओळतोड अनेकांच्या नजरेतून सुटते. पत्त्याच्या रकान्यात कुणी एंटर मारला असेल, तर आधी ओळी वेगळ्या करून मग कॉमाचं बघणारा कोड पहिल्याच पायरीवर फसतो. म्हणून अक्षरागणिक पुढे जात ‘सध्या अवतरणाच्या आत की बाहेर’ हे लक्षात ठेवणारा पार्सर लागतो. पायथनमध्ये तो `csv` मॉड्यूलच्या रूपाने २००३ पासून, म्हणजे आरएफसीच्याही आधीपासून आहे.

ऑकमध्ये `--csv` हा पर्याय आला २०२३ साली. ऑकच्या नावातला ‘क’ ज्यांचा, त्या ब्रायन कर्निघन यांनीच तो घातला, मूळ ऑकनंतर ४६ वर्षांनी. पण तो मागावा लागतो. नुसतं `awk -F,` लिहिलं तर सुनीताबाईंची ओळ आजही सात ठिकाणी वाटली जाते.