नाऊकास्टिंग (तिमाही जीडीपी वृद्धीचे)

चालू किंवा नुकत्याच संपलेल्या तिमाहीत जीडीपी किती वाढला, याचा अंदाज अधिकृत आकडा येण्यापूर्वी मासिक निर्देशकांवरून बांधण्याच्या पद्धतीला नाऊकास्टिंग म्हणतात. अमेरिकेत तिमाही संपल्यावर साधारण एका महिन्याने पहिला आकडा येतो, भारतात सुमारे दोन महिन्यांनी. दरम्यान औद्योगिक उत्पादन, किरकोळ विक्री, आयात-निर्यात, रोजगार, खरेदी व्यवस्थापकांची सर्वेक्षणे असे मासिक आकडे मात्र येतच असतात. ते एकत्र कसे वाचायचे, हा या पद्धतीचा विषय आहे. तिची आज रूढ असलेली मांडणी डोमेनिको जियानोने, लुक्रेझिया राइखलिन आणि डेव्हिड स्मॉल यांच्या २००८ मधील शोधनिबंधाने प्रचलित केली.

मूळ कल्पना अशी की, डझनावारी निर्देशक वेगवेगळे दिसले तरी त्यांची चढउतार बहुतांशी एक-दोन सामाईक घटकांमुळे होते. हे घटक प्रत्यक्ष मोजता येत नाहीत. प्रत्येक निर्देशक म्हणजे सामाईक घटकाचा त्याच्या वाट्याचा भाग आणि त्याचा स्वतःचा गोंगाट, असे मानले जाते. घटक मात्र महिन्यागणिक स्वतःच्या मागील मूल्यावर अवलंबून पुढे सरकतो. त्यामुळे तीस मालिका असल्या तरी तीस स्वतंत्र गुणक घालून समीकरण मांडावे लागत नाही. तसे मांडले तर काही दशकांच्या तिमाही आकड्यांतून ते गुणक विश्वासाने काढताही येणार नाहीत.

महिना आणि तिमाही यांची सांधेजोड

जीडीपी महिन्याला मोजला जात नाही. म्हणून प्रतिमानात एक अदृश्य मासिक जीडीपी धरतात आणि तिमाहीची पातळी ही तिच्या तीन महिन्यांची सरासरी समजतात. आधीच्या तिमाहीशी तुलना करून काढलेली वृद्धी मग पाच महिन्यांच्या मासिक वृद्धीची भारित बेरीज ठरते. रॉबर्टो मारियानो आणि यासुतोमो मुरासावा यांनी २००३ मध्ये हे सूत्र घटक-प्रतिमानात बसवले:

```
Y(t) = 1/3 y(t) + 2/3 y(t-1) + y(t-2) + 2/3 y(t-3) + 1/3 y(t-4)
```

येथे `Y` ही तिमाही वृद्धी, `y` ही मासिक वृद्धी आणि `t` हा तिमाहीचा शेवटचा महिना. एप्रिल ते जून तिमाहीसाठी फेब्रुवारीला एक तृतीयांश, मार्चला दोन तृतीयांश, एप्रिलला पूर्ण, मेला दोन तृतीयांश आणि जूनला एक तृतीयांश भार मिळतो. तिमाहीबाहेरचे दोन महिनेही मोजले जातात, हे प्रथमदर्शनी खटकते. पण मार्चमध्ये चढलेली पातळी एप्रिलपासून पुढे तशीच राहते, त्यामुळे ते अपरिहार्य आहे.

समजा, पाचही महिने मासिक वृद्धी ०.३ टक्के आहे. तिमाही वृद्धी ०.९ टक्के येते. आता केवळ एप्रिलमध्ये ०.३ ऐवजी उणे ०.६ टक्के झाले, तर तिमाही वृद्धी शून्यावर येते. तीच घसरण एप्रिलऐवजी जूनमध्ये झाली, तर या तिमाहीची वृद्धी ०.६ टक्के राहते आणि घसरणीचा उरलेला दोन तृतीयांश फटका पुढच्या तिमाहीच्या आकड्यात उतरतो. म्हणून तिमाहीच्या पहिल्या महिन्याचे आकडे सर्वांत मोलाचे असतात. जूनमधली वाईट बातमी ऐकून चालू तिमाहीचा अंदाज झटकन खाली ओढणाऱ्यांची चूक बहुधा येथेच होते.

जेथे वृद्धी गेल्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करून सांगतात, तेथे हे भार चालत नाहीत. तेथे तीन महिन्यांच्या वार्षिक वृद्धीची साधी सरासरी पुरेशी जवळ जाते.

अपुरी शेवटची ओळ

सर्व निर्देशक एकाच दिवशी येत नाहीत. सर्वेक्षणे महिना संपताच हाती येतात, औद्योगिक उत्पादनाला अनेक आठवडे लागतात. त्यामुळे माहितीच्या तक्त्याची शेवटची कड दातेरी असते. कालमन फिल्टर हा महिन्यागणिक अंदाज सुधारत नेणारा गणिती हिशेब ही अडचण सहज सोडवतो: आकडा असेल तर घटकाचा अंदाज दुरुस्त करतो, नसेल तर त्या मालिकेपुरती दुरुस्ती वगळून पुढे जातो. जीडीपीसुद्धा त्याच्या दृष्टीने दर तीन महिन्यांतून एकदाच दिसणारी मासिक मालिका असते. त्यासाठी घटकाचे चालू मूल्य आणि मागची चार मूल्ये एकत्र वाहून नेली जातात.

अंदाज का बदलला?

नवा आकडा आल्यावर अंदाज त्या आकड्याने हलत नाही. प्रतिमानाला अपेक्षित असलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांतील फरकाने हलतो; या फरकालाच बातमी म्हणतात. कल्पित उदाहरण घेऊ. अंदाज ०.८० टक्के आहे. एप्रिलचे औद्योगिक उत्पादन ०.२ टक्के वाढेल असे प्रतिमान म्हणत होते, प्रत्यक्षात ते ०.६ टक्के घटले. फरक उणे ०.८, आणि या बातमीचा भार ०.१५ असेल तर अंदाज ०.१२ ने घसरून ०.६८ होतो. काही दिवसांनी किरकोळ विक्री ०.२ टक्के घटल्याचे कळते. पण घटक खाली आल्यामुळे प्रतिमानाने ०.६ टक्के घट धरली होती. फरक अधिक ०.४, भार ०.१०, आणि अंदाज ०.७२ वर जातो. विक्री घटली तरी अंदाज वाढला, हे वृत्तपत्री मथळ्यांच्या वाचकाला विचित्र वाटते, पण हिशेब बरोबर आहे. मार्टा बान्बुरा आणि मिकेले मोदुन्यो यांनी अशी बातमीवार फोड करण्याची सर्वसाधारण रीत मांडली.

या भारात क्रमाचाही वाटा असतो. सर्वेक्षणे मृदू मानली जातात, तरी ती आधी येतात म्हणून अंदाज बराच हलवतात. नंतर येणारे ठोस उत्पादनाचे आकडे अधिक अचूक असले, तरी त्यांतली बरीच माहिती तोवर वापरली गेलेली असते.

कुठे बिघडते

अधिक मालिका म्हणजे अधिक चांगला अंदाज, असे नाही. एकाच क्षेत्राच्या दहा उपमालिका घातल्या तर त्यांचा आपसातला गोंगाटच सामाईक घटक म्हणून पुढे येतो. फिल्टरमधून मिळालेला घटक एकाच क्षेत्राच्या मालिकांशी जवळजवळ एकरूप दिसला आणि इतरांशी सैल राहिला, तर हाच आजार समजावा. दुसरा दोष सरासरी वृद्धी कायम धरण्याचा. अर्थव्यवस्थेची दीर्घकालीन गती मंदावली असेल, तर अंदाज सतत वरच्या बाजूला चुकतात. चुकांचे चिन्ह अनेक तिमाह्या एकच राहणे, ही त्याची खूण.

चाचणीतही फसगत होते. आज उपलब्ध असलेल्या, पुढे सुधारलेल्या आकड्यांवर प्रतिमान तपासले तर ते खऱ्यापेक्षा चतुर दिसते. त्या दिवशी जे आकडे हाती होते तेच द्यावे लागतात. त्यासाठी सेंट लुइस फेडरल रिझर्व्हची `ALFRED` सारखी जुन्या आवृत्त्या जपणारी भांडारे वापरतात. साधारणतः तिमाहीच्या प्रारंभी हे प्रतिमान साध्या स्वप्रतिगमनापेक्षा, म्हणजे केवळ जीडीपीच्या मागील आकड्यांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा, फारसे सरस नसते आणि आकडे जमत जातात तशी चूक कमी होते. एका तिमाहीपलीकडचा फायदा जवळजवळ नसतोच.

२०२० च्या महासाथीत मासिक आकड्यांनी पूर्वी कधी न पाहिलेल्या उड्या घेतल्या. गोंगाटाचा आकार कायम मानणाऱ्या प्रतिमानांना त्या पेलल्या नाहीत, कारण अशा दोन-तीन महिन्यांनी सर्व गुणकच बदलून टाकले. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हने आपला नाऊकास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू केला. नव्या रूपात बदलती अस्थिरता, सरकती दीर्घकालीन गती आणि टोकाच्या मूल्यांसाठी वेगळी जागा आहे.