तारीख ठरवून जवळ येणं: वंध्यत्वाच्या उपचारात संबंधांचं वेळापत्रक कुठून आलं

‘आज आणि परवा संबंध ठेवा’ हे वाक्य मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या प्रत्येक जोडप्याने ऐकलेलं असतं. डॉक्टर ते सहज बोलून जातात. घरी आल्यावर त्याच वाक्यावरून भांडणं होतात, अबोला धरला जातो, आणि काही महिन्यांत दोघांनाही रात्र नकोशी वाटू लागते. अनेकांना वाटतं की आपल्या नात्यातच काहीतरी बिघडलं आहे. प्रत्यक्षात या वेळापत्रकामागे शंभर वर्षांचा वैद्यकीय इतिहास आहे, आणि त्यातला बराच भाग वैद्यकाने स्वतःच नंतर बाजूला ठेवला आहे.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांचा समज उलटाच होता. प्राण्यांच्या माजावरून अंदाज बांधून ते पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेला सर्वात अनुकूल मानत. मूल हवं असलेल्या जोडप्यांना चुकीचे दिवस सांगितले जात होते. 1920 च्या दशकात जपानचे क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. हे मोजमाप पुढच्या पाळीपासून मागे जाणारं आहे. लोकांच्या डोक्यात मात्र ‘चौदावा दिवस’ एवढंच बसलं. तो फक्त अठ्ठावीस दिवसांच्या चक्राला लागू पडतो.

मग थर्मामीटर आला. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचं सकाळचं तापमान किंचित चढतं. त्यामुळे अंथरुणातून उठण्याआधी तापमान मोजून तक्ता भरायचा, आणि ज्या रात्री संबंध आला त्या तारखेवर खूण करायची, अशी पद्धत पडली. तो तक्ता पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवायचा. यातली अडचण अशी की तापमान चढतं ते बीज सुटल्यानंतर. तक्ता ‘वेळ झाली’ असं सांगत नाही, ‘वेळ होऊन गेली’ असं सांगतो. तरीही या तक्त्यांनी एक गोष्ट पक्की केली: दोघांची खासगी रात्र ही तपासायची नोंद झाली.

याचं टोक म्हणजे संबंधांनंतरची तपासणी. अमेरिकी शल्यविशारद मॅरियन सिम्स यांनी 1860 च्या दशकात तिची सुरुवात केली आणि मॅक्स ह्यूनर यांनी 1913 मध्ये तिला पद्धतशीर रूप दिलं. ठरलेल्या रात्री संबंध ठेवायचे, काही तासांत बाईने दवाखान्यात पोचायचं, मग गर्भाशयमुखातला स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली हलणारे शुक्राणू मोजायचे. निकाल ‘चांगला’ किंवा ‘वाईट’. आदल्या रात्री नवऱ्याला जमलंच नाही तर बायकोला दवाखान्यात जाऊन तेही सांगावं लागे. ही तपासणी बहुतेक विसावं शतकभर नेहमीची होती. 1998 मध्ये नेदरलँड्समध्ये जोडप्यांचे दोन गट करून ती तपासून पाहिली, तेव्हा तपासणी केलेल्या आणि न केलेल्या गटांत गर्भधारणेचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. तपासणी झालेल्यांना उपचार मात्र जास्त दिले गेले होते. ब्रिटनची नाइस ही मार्गदर्शक संस्था आता ही तपासणी करू नका असं सांगते. इतक्या जोडप्यांना ज्या अवघडलेपणातून जावं लागलं, त्याचा त्यांना फायदा नव्हता. मला हे फार वाईट वाटतं.

दोष कोणाचा, या प्रश्नाचा इतिहासही असाच वाकडा आहे. सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू 1677 मध्येच पाहिले गेले होते, तरी त्यानंतर दोनशे-अडीचशे वर्षं तपासणी सुरू होई ती बाईपासून. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही मनोविश्लेषकांनी आणखी एक ओझं तिच्यावर टाकलं. कारण सापडत नसेल तर तिला मनातून आईपण नको आहे, असं ते म्हणू लागले. ‘टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल’ हा सल्ला त्याच विचाराचा सौम्य अवतार आहे. 2011 मध्ये तणाव आणि वंध्यत्वाच्या उपचारांचं यश यांवरच्या चौदा अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. उपचाराआधी बाई किती तणावात होती, यावरून उपचाराच्या त्या फेरीत गर्भधारणा होईल की नाही हे ठरत नाही, असं त्यातून दिसलं. 1992 मध्ये एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याची पद्धत, म्हणजे इक्सी, यशस्वी झाली आणि पुरुषाकडच्या कारणांवर मार्ग मिळाला. पण कारण त्याच्याकडे असलं तरी इंजेक्शनं तिलाच घ्यावी लागतात, बीज काढण्याची प्रक्रियाही तिच्यावरच होते. त्याला अपराधी वाटतं, तिला एकटं वाटतं, आणि दोघंही ते बोलत नाहीत.

गुप्ततेचं मूळ तर थेट दवाखान्यात सापडतं. 1884 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम पॅनकोस्ट या डॉक्टरांनी एका बाईला क्लोरोफॉर्म देऊन एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरलं. दोष नवऱ्याच्या वीर्यात होता. त्याला नंतर सांगितलं गेलं आणि तिला कधीच कळू द्यायचं नाही असं ठरलं. ही हकिगत 1909 मध्ये छापून आली. त्यानंतरही कित्येक दशकं दात्याचं वीर्य वापरणाऱ्या जोडप्यांना ‘कुणालाही सांगू नका’ असाच सल्ला मिळत राहिला. 1985 मध्ये स्वीडनने कायदा करून मुलाला मोठेपणी दाता कोण हे कळण्याचा हक्क दिला, तिथून हे बदलू लागलं. जोडप्यांच्या घरात मात्र तीच सवय टिकून आहे. बहुतेकदा बायकोला बहिणीशी बोलायचं असतं आणि नवऱ्याला ते बाहेर जायला नको असतं. मग तिला आधार द्यायला उरतो तो फक्त नवरा, आणि त्याला उरतं कुणीच नाही.

आता वेळापत्रक आज कसं चालतं ते पाहू. समजा, एका बाईचं चक्र बत्तीस दिवसांचं आहे. तिचं बीज साधारण अठराव्या दिवशी सुटेल. 1995 मध्ये ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गर्भधारणा होऊ शकते ती बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्याच काळात. म्हणजे हिच्यासाठी तेरावा ते अठरावा दिवस. हे जोडपं लघवीच्या किटवर विसंबून आहे. बीज सुटण्याआधी एक-दीड दिवस लघवीत एलएच हे संप्रेरक वाढतं, तेव्हा रेघ गडद होते. सतराव्या सकाळी ती दिसते. बायको फोन करते, ‘आजच लवकर ये.’ तो येतो, पण त्या रात्री जमत नाही. ‘महिना वाया घालवलास,’ असं तिच्या तोंडून निघून जातं. पुढच्या महिन्यात तो रेघ दिसायच्या आधीपासूनच धास्तावलेला असतो. त्याला दिवसा किंवा इतर वेळी काही अडचण येत नसेल आणि फक्त त्या ठरलेल्या रात्रीच येत असेल, तर ती बहुधा वेळापत्रकाने आणलेली आहे.

या जोडप्याने किटची वाट पाहिली आणि तोवर हातातले चार दिवस निसटले. शुक्राणू अनुकूल स्रावात काही दिवस तग धरतात, म्हणून नाइसचा सल्ला साधा आहे: दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा. दहाव्या दिवसापासून असं केलं तर या बाईची सगळी अनुकूल वेळ आपोआप सांभाळली जाते आणि एक रात्र हुकली तरी महिना जात नाही.

बीज सुटण्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. बीज साधारण छत्तीस तासांनी सुटतं, त्यामुळे तारीख टाळता येत नाही. तिथे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं की त्या दिवशी जमलं नाही तर घरून आणलेला नमुना किंवा आधी गोठवून ठेवलेला नमुना गर्भाशयात सोडण्यासाठी चालेल का. पर्याय हाताशी आहे हे त्या पुरुषाला आणि त्याच्या बायकोला त्या रात्रीच्या आधी कळलेलं असलं पाहिजे.