मधला ‘३’ आणि ‘लागू नाही’

भरून आलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मांचा तक्ता करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातला सगळ्यात फसवा आकडा म्हणजे ३. कुणी १ दिला तर काहीतरी बिनसलंय हे कळतं, ५ दिला तर खूश आहे हे कळतं. ३ मात्र दोन अगदी वेगळी माणसं देतात. एकाने गोष्ट वापरलेली असते आणि ती त्याला धड चांगलीही वाटलेली नसते, धड वाईटही. दुसऱ्याने ती वापरलेलीच नसते, पण कुठेतरी टिक करायची म्हणून तो मधोमध करतो. तक्त्यात दोघे सारखेच दिसतात.

हा घोळ जुनाच आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली सहमती-असहमती मोजायची पाच पायऱ्यांची पद्धत मांडली, तेव्हा मधल्या पायरीवर त्यांनी ‘ठरलेलं नाही’ अशा अर्थाचा शब्द ठेवला होता. आज तिथे बहुतेक ‘तटस्थ’ किंवा ‘सहमत नाही, असहमतही नाही’ असं लिहिलेलं असतं. शब्द बदलले, तरी ज्याला काहीच सांगायचं नाही असा माणूस अजूनही तिथेच येऊन बसतो.

त्याने काय बिघडतं ते एका हिशेबातून पाहू. समजा दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि २० जणांनी फॉर्म भरला. सहावा प्रश्न आहे, ‘सरावासाठी दिलेली फाइल उपयुक्त होती’. १ म्हणजे अजिबात सहमत नाही, ५ म्हणजे पूर्ण सहमत. ती फाइल प्रत्यक्षात फक्त ८ जणांनी उघडली होती. त्यातल्या चौघांनी १ दिला, दोघांनी २ आणि दोघांनी ४. बेरीज १६, सरासरी २. म्हणजे फाइल फसली, ती नव्याने करायला हवी.

आता उरलेल्या १२ जणांनी फाइल न बघताच ३ दिला असं धरा. बेरीज ५२ होते, २० ने भागलं की सरासरी २.६. वाचणारा म्हणतो, ‘मध्यम आहे, चालेल.’ उलट त्या आठही जणांना फाइल आवडली असती, सहा जणांनी ५ आणि दोघांनी ४ दिला असता, तर त्यांची सरासरी ४.७५ आली असती. तेच १२ तीन मिसळले की ती ३.७ वर येते. म्हणजे न बघता दिलेला ३ वाईटाला सावरतो आणि चांगल्याला खाली खेचतो.

गंमत अशी, की बऱ्याच ठिकाणी सरासरी काढतच नाहीत. ४ आणि ५ देणारे किती टक्के, एवढंच बघतात. त्या हिशेबात ३ देणारा थेट नाराजांच्या बाजूला मोजला जातो. वरच्या पहिल्या उदाहरणात फाइल वापरणाऱ्या ८ पैकी २ जण समाधानी होते, म्हणजे २५ टक्के. १२ तीन मिसळल्यावर २० पैकी २ उरतात, म्हणजे १० टक्के. त्याच ३ मुळे एका हिशेबात फाइल आहे त्यापेक्षा बरी ठरते आणि दुसऱ्यात आहे त्यापेक्षा वाईट. ‘कुणाला त्रास नको’ म्हणून ३ देणाऱ्याला हे माहीत नसतं.

‘लागू नाही’ निवडलं की ते उत्तर सहसा भागाकारातून वगळलं जातं. शिवाय २० पैकी १२ जण ‘लागू नाही’ म्हणतात, हीच मोठी माहिती असते. फाइल बनवणाऱ्याला आधी शोधावं लागेल की ती लोकांपर्यंत पोचली का, उघडली जात होती का. बारा तिनांच्या आड ही गोष्ट पूर्ण झाकली जाते.

मग आपला ३ कुठल्या जातीचा हे कसं ओळखायचं? मी एक साधी कसोटी लावतो: या प्रश्नाबद्दल मला एक तरी प्रसंग आठवतो का? फाइल उघडली, पहिली दोन उदाहरणं जमली, तिसऱ्यात सूचनाच सापडेनात, असं काही आठवत असेल तर तो खरा ३. काहीच आठवत नसेल, तर मत नाही आणि ३ द्यायचं कारणही नाही. फॉर्ममध्ये ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ असे दोन्ही पर्याय असले तर थोडा फरक करावा. फाइल मिळाली होती पण कशी होती ते आठवत नाही, तर ‘माहीत नाही’. आपल्या तुकडीला ती दिलीच नव्हती, तर ‘लागू नाही’.

अडचण येते ती फॉर्ममध्ये असा पर्यायच नसतो तेव्हा. प्रश्नापुढे सक्तीची तारांकित खूण नसेल तर तो सरळ रिकामा सोडा, रिकामं उत्तर सहसा सरासरीत धरत नाहीत. चुकून टिक झाली असेल तर गूगलच्या फॉर्ममध्ये अशा प्रश्नाखाली `Clear selection` असं दिसतं, ते दाबलं की निवड जाते. सक्तीच असेल तर नाइलाजाने ३ द्यावा, पण टिप्पणीच्या चौकटीत लिहावं: ‘प्रश्न ६: सरावाची फाइल मी उघडली नाही. उत्तर सक्तीचं होतं म्हणून ३ दिला, तो मोजू नये.’ तक्ता करणारा जागरूक असेल तर एवढ्यावरून तो आकडा वगळू शकतो. सगळेच जागरूक नसतात, हेही खरं.

खऱ्या ३ लाही चौकटीची गरज असते, कारण तोही दोन तऱ्हेचा असतो. सगळंच जेमतेम होतं, किंवा अर्धं उत्तम आणि अर्धं वाईट. दुसऱ्या तऱ्हेत ‘ठीक होतं, सुधारणेला वाव आहे’ असं लिहिलं तर हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘प्रश्न ६: सरावाच्या फाइलमधली पहिली दोन उदाहरणं वर्गात शिकवलं तशीच होती, पटकन जमली. तिसऱ्यात वर्गात न आलेलं सूत्र होतं आणि उत्तर कुठेच दिलेलं नव्हतं. उत्तरांचं पान जोडलं असतं तर ४ दिला असता.’ या शेवटच्या वाक्याला मी फार किंमत देतो. काय बदलायचं ते त्यातून थेट कळतं.

चौकटीत ‘वर म्हटल्याप्रमाणे’ किंवा ‘तीच अडचण’ असं मात्र लिहू नये. तुम्हाला तुमचा फॉर्म सलग दिसतो. आम्ही टिप्पण्यांचा रकाना वरून खाली वाचत जातो, बरेचदा गुण वेगळे काढून ठेवलेले असतात. ‘वर’ म्हणजे आमच्यासाठी दुसऱ्याच माणसाची टिप्पणी असते. म्हणून प्रश्नाचा क्रमांक आणि वस्तूचं नाव, दोन्ही लिहावं. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण काही फॉर्ममध्ये प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसतो.

प्रश्नातच दोन गोष्टी कोंबलेल्या असतील तर ३ चा मोह सर्वांत जास्त होतो. ‘फाइल उपयुक्त आणि सोपी होती.’ उपयुक्त होती, सोपी नव्हती. मग देऊन टाका ३! इथे दोष विचारणाऱ्याचा आहे, तरी मी ३ देतो आणि चौकटीत दोन आकडे लिहितो: ‘उपयुक्त ५, सोपी १.’ तक्ता करणाऱ्याला ते एकाच खान्यात भरता येत नाहीत. मग पुढच्या वेळी तो प्रश्न दोन ओळींत येण्याची शक्यता असते.