जघनसंधीची वेदना : ‘हाडे सुटली’ या समजुतीचा मागोवा

गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यात ओटीपोटाच्या अगदी खाली, दोन्ही जांघांच्या मध्ये, हाडावरच कळ येऊ लागते. कूस बदलताना ती चमकते, उंबरठा ओलांडताना पाय अडतो आणि चाल हळूहळू फेंगडी होत जाते. ‘दिवस भरत आले की असे व्हायचेच’ किंवा ‘हाडे सुटली आहेत’ अशी त्या बाईची समजूत घातली जाते. खानदेशातील घरांत मी हे दुसरे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की ते आले कोठून आणि त्यात खरे किती, हे पाहावेसे वाटले. या वेदनेचा वैद्यकीय इतिहास बराचसा याच एका कल्पनेभोवती फिरतो.

श्रोणीची, म्हणजे कमरेखालच्या सांगाड्याची, दोन हाडे समोरच्या बाजूला जेथे भेटतात, त्या सांध्याला जघनसंधी म्हणतात. तेथे हाडाला हाड चिकटलेले नसते. मध्ये तंतुमय कूर्चेची जाड चकती असते आणि भोवती बंध असतात. एरवी या हाडांमधील अंतर चार ते पाच मिलिमीटर असते. गरोदरपणात ते दोन-तीन मिलिमीटरने वाढते, आणि ही वाढ स्वाभाविक आहे.

प्रसूतीच्या वेळी ही हाडे एकमेकांपासून दूर होतात, असे प्राचीन ग्रीक वैद्य मानत असत. सोळाव्या शतकात शवविच्छेदन वाढले, तेव्हा अनेक शारीरशास्त्रज्ञांना हे पटेना, कारण एवढा घट्ट सांधा सुटेल कसा, असा त्यांचा प्रश्न होता. फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे हेही नकार देणाऱ्यांपैकीच होते. १५७९ मध्ये पॅरिसमध्ये, काही दिवसांपूर्वी प्रसूत झालेल्या आणि नंतर फाशी दिलेल्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात त्यांनी ही हाडे अलग झालेली प्रत्यक्ष पाहिली आणि आपले मत बदलले. एकाच शरीरावरून काढलेला हा निष्कर्ष असला, तरी सांधा सैलावतो हे त्यात बरोबरच होते.

पुढे याच कल्पनेतून एक शस्त्रक्रिया निघाली. हाडे आपोआप सुटत असतील, तर अडलेल्या बाळंतपणात ती मुद्दाम सोडवावीत, असा विचार करून झाँ-रने सिगो यांनी १७७७ मध्ये पॅरिसमध्ये एका स्त्रीचा जघनसंधी कापला. तिची आधीची मुले जन्मताना दगावली होती. हे मूल जगले आणि सिगो यांचा मोठा गौरव झाला. त्या स्त्रीला मात्र लघवी गळण्याचा त्रास मागे राहिला आणि चालणेही पूर्ववत झाले नाही. हा सांधा खरोखर तुटला, तर चालण्याचे काय होते हे त्या एका देहावरून दिसते, आणि गरोदरपणातील नेहमीच्या दुखण्यात तसे काहीही घडलेले नसते. प्रसूतीत क्वचित हाडे खरोखर फाकतात. तेव्हा अंतर दहा मिलिमीटरपेक्षा जास्त भरते, काही वेळा एकदम ‘कट्’ असा आवाज झाल्याचे बाई सांगते आणि नंतर तिला पाय उचलता येत नाही. ती वेगळी दुखापत आहे.

१८७० मध्ये अमेरिकेतील स्नेलिंग या वैद्याने या तक्रारीचे जे वर्णन लिहिले, ते आजही नेमके वाटते. श्रोणीचे सांधे सैल होतात, त्रास गरोदरपणात सावकाश किंवा प्रसूतीनंतर अचानक सुरू होतो आणि चालणे अडून भयभीत करणाऱ्या संवेदना होतात, असे त्यांनी नोंदवले. कारण मात्र उमगत नव्हते. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ यांनी गरोदर प्राण्यांच्या रक्तातील द्रव गिनीपिगांना टोचला आणि त्यांचे जघनबंध सैल पडलेले दाखवले. त्या द्रव्याला पुढे ‘रिलॅक्सिन’ हे नाव मिळाले. त्याच सुमारास क्ष-किरणांनी सांध्यातील अंतर मोजता येऊ लागले. रिलॅक्सिन वाढते, बंध सैल होतात, फट रुंदावते आणि म्हणून दुखते, ही मांडणी इतकी सुटसुटीत होती की पुढची अनेक दशके ती प्रश्न न विचारता मान्य झाली.

तिला तडा गेला तो मोजमापांमुळेच. माणसात रिलॅक्सिनची रक्तातील पातळी पहिल्या तिमाहीच्या अखेरीस सर्वांत जास्त असते, दुखणे मात्र बहुधा नंतर वाढते. रिलॅक्सिन जास्त असलेल्या स्त्रियांनाच जास्त दुखते, असे सर्व अभ्यासांत आढळले नाही. सोनोग्राफीने मोजले, तेव्हा फट रुंद असूनही काही जणी निर्धास्त चालत होत्या, तर काही जणींची फट सामान्य असूनही त्यांना कूस बदलता येत नव्हती. म्हणून आता लक्ष फटीवरून भार वाहण्याच्या क्रियेवर गेले आहे. श्रोणीचा समोरचा एक आणि पाठीमागचे दोन सांधे मिळून एक कडे बनते. त्यातून धडाचे वजन पायांकडे जाते आणि एका पायावर वजन आले की कड्याच्या दोन बाजू विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. पोटाचे व नितंबाचे स्नायू ते कडे वेळेत आवळू शकले नाहीत, तर कळ येते. यामुळेच ‘जघनसंधी बिघाड’ या नावाऐवजी २००८ मधील युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ‘श्रोणीकड्याची वेदना’ हे व्यापक नाव वापरले. गरोदर स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एकीला ती होते, असा त्यांचा अंदाज आहे.

चोपडा तालुक्यातील एका गावच्या, दुसऱ्या खेपेच्या एका ताईंना चौतिसाव्या आठवड्यात तपासले, तेव्हा ही मांडणी माझ्यापुढे स्पष्ट उभी राहिली. त्यांची सासू काळजीने म्हणाली, “हाडं सुटली आहेत, फोटो काढा.” क्ष-किरण चित्राची गरज नव्हती. मी जघनसंधीवर बोटाने हलका दाब दिला, तेव्हा दुखले आणि बोट काढल्यानंतरही पाच सेकंदांहून जास्त दुखत राहिले. आधाराला धरून एका पायावर उभ्या राहिल्या, तेव्हा कळ समोरच उठली. मग त्यांना क्षणभर उताणे झोपवून सरळ पाय वीस सेंटिमीटर उचलायला सांगितले. उजवा पाय जवळजवळ उचललाच गेला नाही. मी दोन्ही तळव्यांनी त्यांची श्रोणी दोन्ही बाजूंनी आवळून धरली, आणि तोच पाय सहज वर आला. आवळल्यावर पाय हलका होतो, याचा अर्थ अडचण भार सांभाळण्यात आहे. हे सासूबाईंना तेथेच डोळ्यांनी दिसले.

त्यांच्या दिवसाची विचारपूस केली, तेव्हा कारणे समोर आली. त्या मोठ्या मुलाला डाव्या कमरेवर घेत आणि पाण्याची कळशीही त्याच बाजूला. परकर घालताना एका पायावर उभ्या राहत. भाकरी थापायला उकिडव्या बसत. झोपायची खाट मध्ये झोळासारखी खचलेली होती. दवाखान्यात येताना मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसत. या सगळ्यांत एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार नव्हता किंवा मांड्या फाकलेल्या होत्या.

म्हणून बदलही तसेच केले. परकर खाटेच्या काठावर बसून, दोन्ही पाय आत घालून मग उभे राहायचे. भाकरी ओट्यावर, स्टुलावर बसून. मूल मांडीवर घ्यायचे, कमरेवर नाही. कळशी घरातील दुसऱ्या कोणी आणायची, आणि ते जमलेच नाही तर अर्ध्या-अर्ध्या दोन बादल्या दोन्ही हातांत. खाटेऐवजी जमिनीवर अंथरूण सांगितले असते, पण उठणे अवघड झाले असते; म्हणून खाटेवर फळी आणि तिच्यावर गादी ठेवली. कूस बदलताना गुडघ्यांमध्ये उशी घट्ट धरून, खांदे, कंबर आणि गुडघे एकदम वळवायचे. पायरी चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना दुखणारा आधी, एका वेळी एकच पायरी. एसटीची पहिली पायरी उंच असते, तेथे घाई न करता पुढे खाली ठेवलेल्या पाटावर आधी पाय द्यायचा. शौचासाठी उंच खुर्चीचा उपाय केला. हे सर्व पाळूनही तीन आठवड्यांत दुखणे थांबले नाही, कमी झाले.

आधाराच्या पट्ट्याबद्दल एक चूक वारंवार दिसते. आपल्याकडे बाळंतपणानंतर पोट बांधण्याची रीत आहे, म्हणून हा पट्टाही पोटावर गुंडाळला जातो. तो तेथे नव्हे, तर खाली, मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागते त्याच्या पातळीवर, समोर जघनास्थीवरून बांधायचा. तो घातल्यावर पाय उचलण्याची तीच चाचणी सोपी झाली नाही, तर पट्टा चुकीच्या जागी आहे किंवा उपयोगाचा नाही, असे समजावे. काही तासांसाठी, चालण्याच्या वेळी वापरावा, झोपताना काढावा. औषधांत पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, परंतु दुकानातून मिळणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी विसाव्या आठवड्यानंतर टाळावी, कारण तिने गर्भाच्या मूत्रपिंडांवर आणि रक्ताभिसरणावर परिणाम होऊ शकतो.

येथे इतिहासाचा एक देशी धागा सोडून चालणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काश्मीर आणि दिल्लीत काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी फेंगडी चाल आणि श्रोणीतील दुखणे पाहिले, ते बहुधा पडद्यात राहिलेल्या बायकांत. आणि कारण ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी होणारा अस्थिमृदुता हा आजार होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये यावर पुस्तक लिहिले. हा आजार आजही संपलेला नाही, आणि दिसायला सारखा असल्याने तो सहज ‘गरोदरपणाचे दुखणे’ ठरतो. ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. दुखणे गर्भधारणेच्या आधीपासून असते, मांड्या, नडग्या आणि बरगड्यांवर दाबले तरी दुखते, आणि हाताचा आधार न घेता बसल्या जागेवरून उठता येत नाही. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासावे. या आजारात वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातील विकर गरोदरपणात वारेमुळेच वाढलेले असते, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नये. त्या ताईंचे ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले आणि ते भरून काढले, पण वरील खुणा नव्हत्या, म्हणून निदान बदलले नाही.

ताप, लघवीला जळजळ, रक्तस्राव, पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, एका पोटरीला सूज, किंवा जांघेत बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही असले तर ते या दुखण्यात बसत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाळंतपणाची तयारीही आधीच करावी लागते. त्या खाटेच्या काठावर बसून, दुखू न देता गुडघे किती दूर नेता येतात ते आम्ही टेपने मोजले. ते सत्तावीस सेंटिमीटर भरले. हा आकडा त्यांच्या कार्डावर लिहून दिला, म्हणजे प्रसूतीच्या टेबलावर मांड्या त्याहून दूर फाकवल्या जाणार नाहीत आणि दोन्ही पाय एकदम हलवले जातील. मणक्यातून भूल दिली असेल, तर बाईला वेदनेचा इशारा मिळत नाही, त्यामुळे हा आकडा तेव्हा अधिक मोलाचा ठरतो. या दुखण्यामुळे सिझेरियन करावेच लागते असे नाही. डाव्या कुशीवर किंवा गुडघे-हात टेकून प्रसूती होऊ शकते. त्यांची प्रसूती डाव्या कुशीवर झाली. दहाव्या दिवशी त्यांना उंबरठा सहज ओलांडता येऊ लागला, सहाव्या आठवड्यात कूस बदलताना कळ उरली नव्हती. पुढच्या खेपेला ती पुन्हा येण्याची शक्यता असल्याने टेपचा तो आकडा असलेले कार्ड जपून ठेवायला सांगितले आहे.