फाइल डिलीट केली, तरी डिस्क भरलेलीच का?

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी 9.15 ते दुपारी 3.30 या नेहमीच्या वेळात 22,500 सेकंद सौदे चालतात. 50 शेअर्सचे भाव टिपणारा प्रोग्रॅम प्रत्येक शेअरच्या सेकंदाला सरासरी दोन टिक, म्हणजे भावाच्या दोन नोंदी, लिहीत असेल आणि एका ओळीला 60 बाइट लागत असतील, तर रोज साडेबावीस लाख ओळी, म्हणजे सुमारे 135 एमबी मजकूर साठतो. सर्व्हरवर 15 जीबी जागा मोकळी असेल, तर ती कामकाजाच्या सुमारे 111 दिवसांत, म्हणजे सव्वापाच-साडेपाच महिन्यांत संपते.

जागा संपत आली की जुनी फाइल डिलीट करण्याकडे हात वळतो. पण लिनक्सवर `rm` फक्त फाइलचे नाव काढून टाकते. चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडी ठेवली असेल, तर तो त्याच निनावी फाइलमध्ये लिहीत राहतो आणि ती बंद होईपर्यंत तिची जागा सुटत नाही. अशा वेळी फायलींची बेरीज करणारे `du` कमी आकडा दाखवते, तर `df` डिस्क भरलेलीच असल्याचे सांगते. ही तफावत दिसली की पुढील आज्ञा द्यावी. नाव गेलेल्या, पण अजून उघड्या असलेल्या फायली ती दाखवते.

```
lsof +L1
```

प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केल्यास जागा सुटते, मात्र त्या निनावी फाइलमधील टिकही जातात.

म्हणून टिकची फाइल बदलण्याचे काम प्रोग्रॅमनेच करावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते: तारीख बदलली की जुनी फाइल बंद करायची आणि `ticks-2025-01-15.csv` अशा नावाची नवी उघडायची. बंद झालेली फाइल रात्री `gzip` ने निर्धास्तपणे आवळता येते. इथे रोजच्या छोट्या फायलींचा आणखी एक फायदा कळतो. संकुचित प्रत पूर्ण होईपर्यंत मूळ फाइल जागेवरच राहत असल्याने, 14 जीबीची एकच फाइल असेल आणि डिस्कवर जेमतेम 1 जीबी उरली असेल, तर ती आवळायलाही जागा पुरेलच असे नाही. 135 एमबीच्या फाइलला ही अडचण सहसा येत नाही.

नोंदींच्या फायली ठरावीक काळाने बदलणारे `logrotate` हे साधन प्रोग्रॅमच्या चुका आणि जोडणी तुटल्याच्या नोंदींसाठी ठेवावे. त्यात `rotate 14` लिहिले की 14 जुन्या फायली राहतात आणि त्याहून जुन्या आपोआप नष्ट होतात, आणि टिकच्या बाबतीत नेमके हेच नको असते. `copytruncate` हा पर्याय तर टिकसाठी टाळावाच, कारण प्रत काढणे आणि मूळ फाइल रिकामी करणे यांमधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवतात.

आवळलेल्या फायलीही कधी ना कधी डिस्क भरणारच. त्या दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात, तिथे `gzip -t` ने तपासाव्यात आणि मगच इथून काढाव्यात. मोकळी जागा 3 जीबीखाली गेली की इशारा यावा, म्हणजे या कामासाठी दररोज 135 एमबी धरले, तरी कामकाजाचे 22 दिवस हाताशी राहतात.