‘काम झाल्यावर’ म्हणजे नेमकं कधी?
बाहेरचा सल्लागार नेमणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सल्लागाराशी वाजतं ते फीच्या आकड्यावरून कमी, काम संपलं की नाही यावरून जास्त. म्हणून टर्म्स ऑफ रेफरन्सचा, म्हणजे सल्लागाराचं काम आणि अटी ठरवणाऱ्या कागदाचा, मसुदा तपासायला आला की आम्ही आधी शेवटच्या हप्त्याची ओळ वाचतो.

समजा, तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज बांधायचंय आणि बँकेसाठी पुण्याच्या सल्लागाराकडून प्रकल्प अहवाल करून घ्यायचाय. मसुदा बहुधा असा येतो: “प्रकल्प अहवाल तयार करणे व बँकेकामी सहकार्य करणे. फी १,५०,००० रुपये. निम्मी आगाऊ, निम्मी काम झाल्यावर.” सल्लागाराच्या लेखी अहवाल मेल केला की काम झालं. तुमच्या लेखी कर्ज मंजूर झालं की झालं. खोटं दोघंही बोलत नाहीत.

पैसे मंजुरीला बांधू नका. मंजुरी बँकेच्या हातात असते. अशी अट चांगला सल्लागार मानणार नाही, आणि मानणारा आकडे फुगवून देईल. पैसे बांधायचे ते तुमच्या हातात पडणाऱ्या वस्तूला.

त्यासाठी ‘अहवाल’ हा शब्द उलगडून लिहा. मशिनरीची तीन कोटेशनं, विजेच्या भाराचा हिशोब, कर्जफेडीच्या काळाचा रोख प्रवाह, आणि एक्सेल फाइल सूत्रांसकट. नुसती पीडीएफ घेतलीत तर बँकेनं व्याजदर बदलून मागितला की पुन्हा त्याच्याच दारात. काय मिळणार नाही तेही लिहा: माती परीक्षण, बांधकामाचे नकाशे, सरकारी परवाने. ‘सहकार्य’ हा शब्द खोडा आणि लिहा, “बँकेच्या शंकांना लेखी उत्तरं आणि बँकेत दोन बैठका.”

मग हप्ते आपोआप पडतात. कामाच्या आदेशासोबत ३०,०००. कच्चा अहवाल मिळाल्यावर ६०,०००. दुरुस्त केलेला अहवाल तुम्ही लेखी स्वीकारल्यावर ४५,०००. उरलेले १५,००० बँकेच्या शंकांची उत्तरं दिल्यावर. अंतिम अहवालापासून ६० दिवसांत बँकेनं काही विचारलंच नाही, तर तेव्हा. ही ६० दिवसांची ओळ लिहायची राहिली की शेवटचा हप्ता वर्षभर लोंबकळतो.

मुदतीचं घोडं बहुतेक वेळा आपल्याच दारात अडतं. सातबारा, वीजबिलं आणि तीन वर्षांचे ताळेबंद दिल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत कच्चा अहवाल, असं लिहा. सहीच्या तारखेपासून नको. तो आल्यावर सगळ्या दुरुस्त्या सात दिवसांत, एकाच यादीत कळवायच्या. भाऊंची आज, भाचेसाहेबांची परवा, असं नको. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. तिसरीचे पैसे वेगळे. सात दिवसांत तुम्ही काहीच कळवलं नाही तर अहवाल स्वीकारला असं धरायचं. ही अट आमच्या ग्राहकांना आवडत नाही, पण ती नसली तर सल्लागार तुमच्या मुदतीला तरी का बांधील राहील?

फीपुढे ‘अधिक जीएसटी’ की ‘जीएसटीसह’, हे लिहाच. १८ टक्क्यांनी दीड लाखाचे १,७७,००० होतात.

मसुदा आणताना सल्लागाराचं कोटेशनही आणा, मागच्या पानासकट. ‘प्रवास व मुक्काम वेगळा’ ही ओळ बहुधा तिथंच असते.