भुयारी गटार योजनेच्या रिपोर्टमध्ये आधी बघायचा आकडा

तापीकाठी, चोपडा-यावलच्या पट्ट्यातलं एखादं छोटं गाव धरा, आज लोकसंख्या १८ हजार आणि ३० वर्षांनी २८ हजार. भुयारी गटारीचा प्रस्ताव नगरपरिषदच पाठवते, तुम्ही-आम्ही नाही. त्यासाठी सभेचा ठराव, मलशुद्धीकरण केंद्राच्या जागेचा सातबारा, रस्त्यांच्या लेव्हलचा सर्व्हे आणि डिझाइन रिपोर्ट लागतो, मग तांत्रिक मान्यतेसाठी फाइल बहुतेक वेळा जीवन प्राधिकरणाकडे जाते. कागद जमतात हो, फाइल अडते ती रिपोर्टमध्ये.

प्रवाहाचा हिशोब साधा आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. आता सकाळी सगळे एकदम आंघोळीला आणि धुण्याला लागतात म्हणून सरासरीला पीक फॅक्टरने गुणायचं, केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ मॅन्युअलप्रमाणे २० हजारापर्यंत ३, त्यापुढे ५० हजारापर्यंत २.५. आपल्या गावाचा आजचा पीक सेकंदाला साधारण ६७ लिटर, शेवटच्या वर्षीचा ८७.

गंमत पुढे आहे. गाळ बसू नये म्हणून सुरुवातीच्या पीक प्रवाहाला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग पाहिजे आणि शेवटच्या वर्षाच्या पीकला ०.८. बरेच कन्सल्टंट पाइप पूर्ण भरला असं धरून वेग काढतात आणि खाली ओके लिहून मोकळे होतात.

एका गल्लीची लाइन घ्या, आज ४०० माणसं, म्हणजे पीकला सेकंदाला फक्त दीड लिटर. २०० मिमीचा पाइप, उतार २५० ला १, पाइपच्या खरखरीतपणाचा आकडा म्हणजे मॅनिंगचा एन ०.०१३. भरलेल्या पाइपचा वेग येतो ०.६६, छान दिसतं. पण दीड लिटरात पाइप जेमतेम १८ टक्के भरतो आणि खरा वेग ०.३८ च्या आसपास राहतो, मग वाळू तळाशी बसते आणि चेंबर तुंबायला लागतात.

०.६ आणायला उतार जवळपास ७० ला १ करावा लागतो. ३०० मीटरात २५० ला १ ने लाइन सव्वा मीटर खाली जाते, ७० ला १ ने सव्वाचार मीटर, आणि काळ्या मातीत एवढं खोल खोदायचं तर चर ढासळू नये म्हणून आधार लावावे लागतात, खर्च तिथेच वाढतो. म्हणून सगळ्या गल्ल्यांना तो उतार परवडत नाही. मग वरच्या टोकाला जिथे जमिनीचा उतार साथ देतो तिथे तीव्र ठेवायचा, बाकी ठिकाणी फ्लशिंगची, म्हणजे जोरात पाणी सोडून लाइन धुवायची सोय दाखवायची. पाइप मोठा करून हे सुटत नाही, उलट तेवढ्याच दीड लिटराला मोठ्या पाइपात कमी उतारावर वेग आणखी पडतो.

तर रिपोर्ट हातात आला की प्रत्येक लाइनच्या तक्त्यात आजच्या प्रवाहाचा वेग वेगळ्या रकान्यात आहे का ते बघा. फक्त पूर्ण भरलेल्या पाइपचा आणि ३० वर्षांनंतरचा वेग असेल तर पाठवायच्या आधीच दुरुस्ती मागा, आणि ज्या लाइनला ०.६ येत नाही तिथे फ्लशिंग कोण करणार आणि पाणी कुठून येणार हेही लेखी घ्या.